पेठेतल्या मेडिकलला नाव काय ठेवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात गेली २६ वर्षं मी मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे. गेल्या वर्षी माझ्या भाचीनं बी. फार्म. होऊन मंगळवार पेठेत एका तिकटीजवळ दुकान काढलं आणि नाव ठरवण्यात आमचे दोन महिने गेले. तिच्या गल्लीत निम्मं गिऱ्हाईक साठीच्या पुढचं. त्यामुळे आमचा सगळा विचार म्हाताऱ्या माणसांच्या बाजूनं झाला. तेव्हापासून नवीन दुकान काढणारी पोरं मला नावाबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र लिहून ठेवलं आहे.

सगळे नुसतं "मेडिकल" म्हणतात. मग नाव लागतं कुणाला?

दुकानात आलेल्या माणसाला नाव लागत नाही हे खरंच आहे. "कोपऱ्यावरच्या मेडिकलात जाऊन ये" एवढ्यावर गल्लीचं काम भागतं.

पण वयस्कर गिऱ्हाईक स्वतः येतं किती वेळा? गुडघे दुखतात, दुकानाला पायरी असते, दुपारी ऊन असतं. आजी घरातून फोन करतात. आबा नातवाला पाठवतात. मुलगी पुण्याहून फोन करून शेजारच्या काकींना सांगते, "बाबांच्या गोळ्या तेवढ्या घेऊन या की." कधी रिक्षावाले मामा येता येता पिशवी आणतात. या प्रत्येक वेळी दुकानाची पाटी कुणासमोर नसते, फक्त नाव तोंडातून तोंडात जात असतं. नावाची खरी परीक्षा तिथे असते. पाटी न बघता ते अंथरुणापासून काउंटरपर्यंत शाबूत पोहोचलं पाहिजे.

ते नाही पोहोचलं तर काय होतं, हेही सांगते. आमच्या भागात एकाच देवाच्या नावाची दोन दुकानं होती, मध्ये जेमतेम दोन गल्ल्यांचं अंतर. एका आबांनी रक्तदाबाच्या गोळ्या एका दुकानात सांगून ठेवल्या आणि नातू दुसऱ्या दुकानात गेला. तिथे पिशवी नव्हती. म्हणून त्यानं रिकामी पट्टी दाखवली, पण कापलेल्या पट्टीवर ताकद लिहिलेला तुकडाच शिल्लक नव्हता. पोराला दुप्पट ताकदीची गोळी मिळाली. आबांनी रंग बघितला आणि खाल्ली नाही, म्हणून निभावलं. यात चूक नावाची होती तेवढीच पट्टी न वाचता गोळी देणाऱ्याचीही होती. पण सुरुवात नावापासून झाली.

म्हाताऱ्या माणसांना काहीच लक्षात राहत नाही, मग कुठलंही नाव ठेवलं तरी काय फरक पडतो?

असं नसतं. वय झालं की सगळ्यात आधी निसटतात ती विशेषनामं. माणूस डोळ्यांसमोर असतो, त्याचा व्यवसाय आठवतो, तो कुठल्या लग्नात भेटला तेही आठवतं, पण नाव जिभेच्या टोकावर अडकून राहतं. पन्नाशीनंतर हे आपल्या सगळ्यांचंच होतं.

याचं कारण समजलं तर नाव ठेवणं सोपं जातं. एखाद्याला सांगितलं, "तो माणूस सुतारकाम करतो," तर ते लक्षात राहतं. सांगितलं, "त्याचं आडनाव सुतार," तर निसटतं. शब्द एकच आहे. पण सुतारकाम म्हटलं की रंधा, भुसा, पाटाचा वास असं बरंच काही सोबत येतं, आणि त्यातला एखादा धागा हाती लागला की शब्दही वर येतो. आडनावाला असे धागे नसतात. ते एकाच खिळ्यावर टांगलेलं असतं.

म्हणून दुकानाचं नाव असं पाहिजे की त्याला आधीच चार धागे बांधलेले असावेत: डोळ्यांसमोर येणारी वस्तू, रोजची वाट, लहानपणापासून तोंडात असलेला शब्द. तुम्ही नवा शब्द घडवला तर सगळे धागे तुम्हालाच बांधावे लागतात. त्याला वर्षं लागतात आणि जाहिरातीचे पैसे वेगळे.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. पाटी बघून "हां, हेच ते" म्हणणं वयातही बऱ्यापैकी टिकतं. काहीही समोर नसताना नाव मनातून काढून बोलणं अवघड होत जातं. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला ओळखणं पुरतं. फोन करणाऱ्या आजीला आठवावं लागतं.

बोलायला कुठली अक्षरं चांगली?

हा प्रश्न कुणी सहसा विचारत नाही. मला मात्र तो सगळ्यात कामाचा वाटतो.

वय झालं की कान आधी उंच पट्टीचे आवाज सोडतात. बोलण्यातले उंच पट्टीचे आवाज म्हणजे स, श, फ, थ, ख. स्वर आणि म, न, ब, ड, र, ल यांसारखे खालच्या पट्टीचे आवाज बराच काळ ऐकू येतात. म्हणूनच आजी म्हणतात, "आवाज येतोय, पण काय बोललीस ते कळंना." वरून साध्या फोन लाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो आणि "स"चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. म्हणजे कानात आधीच कमी आणि तारेत आणखी कमी.

आता "स्वास्थ्य मेडिकल" हे नाव घ्या. अर्थ चांगला आहे, पण ऐकणाऱ्याच्या कानात "वाट्य" किंवा "वात" एवढंच उरतं. "शिफा", "सुश्रुत", "श्री साई स्वस्ति" यांचंही तेच. वर कवळी असेल तर बोलणाऱ्याच्या तोंडूनही ही अक्षरं शिट्टीसारखी निघतात. हसण्यावारी नेऊ नका. दिवसातून दहा फोन घेतले की कळतं.

उलट "मोगरा", "उंबर", "मंगल", "डोंगर" हे शब्द फुटक्या फोनवरही कळतात. दोन-तीन अक्षरं, मोकळे स्वर, जोडाक्षर नाही. जोडाक्षर टाळण्याचा दुसरा फायदा म्हणजे मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना पाटीवर गिचमिड दिसत नाही.

नाव पक्कं करण्याआधी तपासायचं कसं?

आम्ही कसं केलं तेच सविस्तर सांगते.

भाचीच्या दुकानासमोर छोटं दत्ताचं देऊळ आहे, देवळापुढे उंबर आणि उंबराला दगडी पार. संध्याकाळी पाचनंतर पारावर सात-आठ आबा बसलेले असतात. आमच्याकडे शेवटी चार नावं उरली. भाचीला आवडलेलं "आरोग्यम्". माझ्या भावाला आवडलेलं "सुश्रुत". माझं "पार मेडिकल", कारण सगळी गल्ली "पारावर भेटू" असंच म्हणते. आणि आईनं सुचवलेलं "उंबर".

आम्ही गल्लीतले, ओळखीतले पासष्टीच्या पुढचे वीस जण निवडले. प्रत्येकाला एकच नाव सांगितलं, म्हणजे एका नावाला पाच माणसं. चारही नावं एकाच माणसाला ऐकवून "कुठलं आवडलं?" असं विचारू नका. लोक तुमचं तोंड बघून उत्तर देतात. सोमवारी बोलण्याच्या ओघात एकदाच सांगायचं: "माझी भाची दुकान काढतेय, उंबर मेडिकल." लिहून द्यायचं नाही, पुन्हा म्हणायचं नाही. गुरुवारी फोन करून विचारायचं, "मावशी, भाचीच्या दुकानाचं नाव काय सांगितलं होतं बघा मी?" आणि जे तोंडातून येईल ते जसंच्या तसं वहीत लिहायचं. आठवलं नाही तर तीन नावं सांगून त्यातलं कुठलं ते विचारायचं. शेवटचा प्रश्न, "हे नाव ऐकून काय वाटलं?"

"आरोग्यम्" पाचांपैकी एकालाही नीट आठवलं नाही. दोघं "आरोग्य काहीतरी" म्हणाले, एका आबांना ते सरकारी आरोग्य केंद्र वाटलं, आणि एक आजी म्हणाल्या, "काढ्याचं दुकान हाय न्हवं?" तीन पर्याय दिल्यावर मात्र चौघांनी बरोबर ओळखलं. म्हणजे पाटीवर चाललं असतं, फोनवर नाही.

"सुश्रुत"चं सुश्रुषा झालं, सुसूत्र झालं, एकदा सुरत झालं.

"पार" पाचही जणांना आठवलं. मी खूश. मग शेवटचा प्रश्न विचारला. पारावरच्याच एका आजी म्हणाल्या, "पोरी, पार मेडिकल म्हंजे काय? माणूस पार झाल्यावर जायाचं व्हय?" दुसरे एक तात्या नुसते हसले आणि म्हणाले, "नाव ध्यानात ऱ्हातंय, पण दवाखान्यातनं येताना घ्यावंसं वाटत न्हाई." संपलं. जे नाव सगळ्यांत जास्त लक्षात राहिलं, तेच बाद झालं. लक्षात राहणं आणि विश्वास बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दिवशी कळलं. आजारी माणूस शब्दाचा वाईट अर्थ आधी ऐकतो.

"उंबर" चौघांनी बरोबर सांगितलं. पाचव्या आजोबांनी "अंबर" सांगितलं. म्हणून आम्ही आसपास अंबर नावाचं मेडिकल आहे का ते हिंडून बघितलं. नव्हतं. काय वाटलं विचारल्यावर तिघांनी देवळासमोरचं झाड सांगितलं, आणि एका मावशींनी विचारलं, "उंबराच्या फुलासारखी दिसणार न्हाईस न्हवं, दुकान रोज उघडणार ना?" हा टोमणा भाचीनं मनावर घेतला. ती रविवारी सकाळीही दुकान उघडते.

वीस माणसं म्हणजे काही संशोधन नव्हे, हे मलाही कळतं. पण पाटीवर पैसे घालण्याआधी चार दिवस आणि फोनचे पैसे, एवढ्यात जे कळलं ते घरात बसून वाद घालून कळलं नसतं.

देवाचं नाव ठेवलं तर विश्वास आपोआप बसत नाही का?

बसतो, पण देवावर. तुमच्या दुकानावर बसायला हवा असेल तर ते नाव तुमचं एकट्याचं असायला हवं. कोल्हापुरात अंबाबाई, महालक्ष्मी, जोतिबा, दत्त, साई या नावांची दुकानं प्रत्येक पेठेत सापडतील: मेडिकल, किराणा, झेरॉक्स, सगळी. आजींना नाव आठवतं, पण कुठलं ते आठवत नाही. वर सांगितलेला गोळ्यांचा घोळ असाच झाला.

कायद्यानं असं नाव एकट्याचं करून घेणंही अवघड आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं उदबत्तीच्या एका खटल्यात सांगितलं की "रामायण"सारखं धर्मग्रंथाचं नाव एका व्यापाऱ्याला आपल्या मालकीचं म्हणून राखून ठेवता येणार नाही. म्हणजे शेजारी तुमच्याच नावाचं दुकान उघडलं तर हातात फारसं काही राहत नाही.

उंबरात दत्त आहेच, ज्याला बघायचा त्याला दिसतो. नृसिंहवाडीला जाणाऱ्यांना तर सांगायलाच नको. पण आमच्या गल्लीतल्या मुसलमान चाचांनाही ते नाव घ्यायला काही वाटत नाही. त्यांच्यासाठी ते समोरचं झाड आहे.

आडनाव किंवा वडिलांचं नाव?

वडिलांना पेठ ओळखत असेल तर जरूर ठेवा. तिथे धागे आधीच बांधलेले आहेत. वडील शाळामास्तर होते, तर "मास्तरांच्या पोराचं मेडिकल" हे लोक म्हणणारच. बाहेरून येऊन दुकान काढलं असेल तर आडनाव म्हणजे तो एकटा खिळा. आणि पाटील, कांबळे, जाधव, शिंदे ही आडनावं असतील तर आमच्याकडे एका गल्लीत दहा घरं निघतात.

थोर पुरुषांच्या नावांचा मोह कोल्हापुरात फार. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. धंद्यासाठी ते वापरता येत नाही. त्या वाटेला जाऊच नका.

मेडिकल, फार्मसी, केमिस्ट की औषधालय?

बोलताना सगळे मेडिकल म्हणतात, म्हणून नावात "मेडिकल" ठेवा. "औषधालय" म्हटलं की वयस्कर माणसाला आयुर्वेदिक दुकान किंवा धर्मादाय दवाखाना आठवतो. आमच्या आरोग्यम्‌चं काढ्याचं दुकान झालं, ते अशाच वाटेनं.

मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात जे लिहितात, तिथे मात्र नियम आहे. औषधे नियम १९४५ मधला नियम ६५(१५) सांगतो की नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध तयार करून देण्याची सोय दुकानात नाही, अशा परवानाधारकानं "केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स" असं वर्णन लावायचं. "फार्मसी", "डिस्पेन्सिंग केमिस्ट" ही वर्णनं ती सोय असलेल्यांसाठी आहेत. आज मिश्रणं करून देणारं दुकान क्वचितच दिसतं, तरी "फार्मसी" सर्रास लिहितात. पाटी रंगवण्याआधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तुमच्या परवान्याप्रमाणे काय चालेल ते विचारून घ्या. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं त्या ओळीनं काहीच बिघडत नाही. ते ती वाचत नाहीत.

केअर, लाइफ, वेलनेस असली नावं?

मोठ्या साखळी दुकानांना शोभतात. आमच्या पेठेत त्याचं "ते काचेचं मेडिकल" होतं.

नावात "स्वस्त" किंवा "जेनेरिक" घातलं तर गिऱ्हाईक येईल ना?

येईल, आणि प्रत्येक बिलावर भांडेल. नावातच किंमत घातली की दर वेळी सगळ्यांत कमी भाव तुमचाच असावा लागतो, आणि ब्रँडेड औषधांचे दर तुमच्या हातात नसतात. वयस्कर माणसाला आधीच शंका असते, "स्वस्त म्हंजे पावर कमी का?" जेनेरिक औषधात घटक तोच असतो हे काउंटरवर शांतपणे समजावता येतं. पाटीवर घातलं तर ती शंका रस्त्यावरच मनात येते. आणि "जन औषधी"सारखं वाटेल असं नाव खासगी दुकानाला कधीच देऊ नका. लोक सरकारी योजनेचे दर मागत येतात आणि न मिळाल्यावर तुम्हाला लबाड म्हणतात.

पाटीवर नाव कसं लिहावं?

महाराष्ट्रात पाटी मराठीत, देवनागरीत लागते. दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. त्यात २०२२ साली बदल झाल्यापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही हे लागू आहे. मराठी अक्षरं आधी आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नाहीत, एवढं पाळायचं. आपल्या गिऱ्हाइकासाठी तर हे सोयीचंच आहे.

आकाराचा पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब असा, की दहा फुटांवरून आरामात वाचायला अक्षर एक इंच उंच हवं. तिकटीच्या पलीकडून, म्हणजे आमच्याकडे साठ फुटांवरून, सहा इंच. आम्ही म्हाताऱ्या डोळ्यांचा विचार करून दुप्पट, बारा इंच घेतलं. मोजताना अक्षराचं अंग मोजा, वरच्या-खालच्या मात्रा धरू नका. पाटीवाला मात्रांसकट मोजतो आणि अक्षर बारीक निघतं. आमचं पहिलं मापही तसंच आलं होतं. ते परत करून घेतलं.

वयानुसार डोळ्यातली भिंग पिवळट होते आणि निळा-हिरवा रंग एकमेकांत मिसळतात. निळ्यावर हिरवं किंवा हिरव्यावर लाल लिहिलं तर आजींना फक्त रंगीत फळी दिसते. आम्ही पिवळट पांढऱ्यावर गडद तपकिरी अक्षरं घेतली, कडेला उंबराचं एक पान. सरकणारी लाल दिव्यांची पट्टी लावली नाही. वाचेपर्यंत शब्द पुढे गेलेला असतो.

लाल क्रॉस काढू नका. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे रेड क्रॉस संस्थेचं संरक्षित चिन्ह आहे, आणि १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानं परवानगीशिवाय ते व्यापारात वापरायला बंदी आहे. जुन्या दुकानांवर ते दिसतं, पण तुम्ही नव्यानं कशाला लावता?

कागदपत्रांत नाव आधी कुठे लागतं?

परवान्याच्या अर्जात. किरकोळ विक्रीसाठी फॉर्म १९ वर अर्ज करायचा आणि परवाना फॉर्म २० व २१ मध्ये मिळतो. त्यावर तेच नाव आणि तोच पत्ता येतो, आणि तो परवाना दुकानात दिसेल असा लावावा लागतो. तेच नाव बिलावर, जीएसटीवर, बँकेत जातं. म्हणून नाव अर्जाआधी पक्कं करा. नंतर अक्षर बदललं तरी सगळीकडे फिरावं लागतं. इंग्रजी स्पेलिंगही एकच ठरवून ठेवा. उंबरसाठी आम्ही UMBAR घेतलं, कारण नातवंडं मोबाइलवर असंच टाइप करतात.

नाव राखून ठेवायचं असेल तर ट्रेडमार्कची नोंदणी करता येते. किरकोळ विक्री वर्ग ३५ मध्ये येते. एकट्या मालकानं ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४५०० रुपये सरकारी शुल्क, आणि नोंदणी १० वर्षांची. "कोल्हापूर मेडिकल" किंवा "चांगलं मेडिकल" असं गावाचं किंवा वर्णनाचं नाव सहसा नोंदवून मिळत नाही. उंबराचा औषधविक्रीशी थेट संबंध नाही, म्हणून तो अर्जासाठी बरा पडतो. आधी ipindia.gov.in वर शोध घेऊन बघा.

जुनं चालू दुकान विकत घेतलंय. नाव बदलावं का?

जुना मालक चांगला होता असं पेठ म्हणत असेल तर अजिबात नाही. आजींच्या तोंडात बसलेलं नाव वीस वर्षांच्या मेहनतीचं असतं आणि तुम्हाला ते फुकट मिळतंय. फक्त विक्रीच्या करारात नाव वापरण्याचा हक्क स्पष्ट लिहून घ्या. आणि मालकी बदलली की जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने चालतो, तेवढ्यात नवा काढावा लागतो, हे विसरू नका.

जुन्या दुकानाचं नाव खराब झालं असेल तर मात्र पाटी, रंग आणि नाव एकदमच बदला. अर्धंच बदललं तर म्हाताऱ्यांना वाटतं मालक तोच आहे आणि काहीतरी लपवतोय.

उंबर उद्या तोडला तर?

हा प्रश्न भाचीनंच विचारला होता. रस्तारुंदीत झाड जाऊ शकतं. पण कोल्हापुरात वेस पडून किती काळ लोटला, तरी रिक्षावाल्याला आपण "गंगावेस" असंच सांगतो. नाव एकदा पायाखालच्या रस्त्यात मुरलं की खुणेची गरज उरत नाही. त्याला काही वर्षं जावी लागतात, एवढंच.

सध्या तरी झाड आहे. पिशवीवर उंबराचं पान आणि फोन नंबर मोठ्या अंकांत छापलेला आहे. आजी पिशवी खिडकीच्या गजाला टांगून ठेवतात आणि नंबर बघून फोन लावतात. पारावरचे आबा मात्र अजून "त्या पोरीचं मेडिकल" म्हणतात. भाचीला आधी राग यायचा. आता फोन उचलला की ती स्वतःच म्हणते, "बोला आबा, उंबरातली पोरगी बोलतेय."